दोनशे एकतीसपैकी दोनशे एकतीस

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मावशीच्या जुन्या फोनमध्ये दोनशे एकतीस कॉन्टॅक्ट, शहाण्णव चॅट, चार हजार आठशे बारा फोटो आणि एकशे एकोणचाळीस व्हिडिओ होते. भाचीने हे आकडे एका पाठकोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहिले, शेजारी वेळ टाकली आणि खाली रेघ ओढली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नमुना हातात आला की आधी नोंद आणि मग काम, ही तिची सवय घरीही सुटत नसे. काका, म्हणजे मावशीचे यजमान, तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणत.

"मोजपट्टी, चहात साखरेचे दाणे किती ते पण लिही," काका म्हणाले.

"तुम्ही कमी घाला, म्हणजे मोजायला सोपे जातील," ती म्हणाली.

कॉन्टॅक्टच्या दोनशे एकतीसमध्ये घरची माणसं, गॅसवाला, दवाखाना वगैरे मिळून सव्वीस. उरलेल्या दोनशे पाच मावशीच्या गिऱ्हाईक बायका. मावशी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत कापायचं लांबलचक टेबल, दोन मशिनी, एका कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा, आणि टेबलाच्या कडेला कायम उताणा पडलेला फोन. तो फोन म्हणजे तिची मापांची वही होती. बाईचं माप घेतलं की ती ते वहीत न लिहिता थेट तिच्या नावातच लिही. 'पोस्टातल्या ताई छाती ३८ कंबर ३४ बाही ९', असं अख्खं. त्याचं कारणही तिने भाचीला एकदा सांगितलं होतं. गिऱ्हाईक फोन करून विचारतं, कापड किती आणू? तेव्हा वही शोधत कोण बसणार! फोन वाजला की माप समोर हजर. उचलायच्या आधीच उत्तर तयार.

"बाकी काय गेलं तरी मी रडणार नाही," मावशी मशीन चालवता चालवता म्हणाली. "गुड मॉर्निंगची फुलं गेली तर पेढे वाटीन. पण मापं जाता कामा नयेत. त्यातलं एक तर मुळीच नाही."

"ग्रंथपाल बाईंचं?"

"तेच."

ग्रंथपाल बाईंची गोष्ट भाचीला अर्धी ठाऊक होती, उरलेली मावशीने तेव्हा सांगितली. तीन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. त्यानंतर त्या दोन शिंप्यांकडे जाऊन आल्या. एकाने टेप लावता लावता मशीनवरच्या माणसाला ओरडून सांगितलं, 'डाव्या बाजूला काहीच नाही, कसं लिहू?' दुसरीने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. तिसऱ्या खेपेला त्या मावशीकडे आल्या, दार लावून घ्यायला लावलं, आणि टेप अंगाला लागल्यापासून सुटेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. मावशीने दोन्ही बाजूंची वेगवेगळी मापं घेतली, सगळी मिळून अकरा. टेप गुंडाळताना तिने शब्द दिला, "बाई, हे शेवटचं. पुन्हा तुमच्या अंगाला टेप लावणार नाही." तेव्हापासून तिने त्यांचे चार शर्ट आणि एक झगा शिवला होता, फोनमधल्या आकड्यांवरून, आणि एकदाही उसवावं लागलं नव्हतं.

आता त्यांचं एक जॅकेट शिवायचं होतं. वाचनालयाची नवी खोली शुक्रवारी सुरू होणार होती आणि बाईंना चार शब्द बोलायचे होते. राखाडी कापड टेबलाखाली घडी करून ठेवलेलं होतं. मावशी ते सोमवारी कापणार होती.

जुना फोन मात्र रविवारी दुपारी तीन वाजता जाणार होता. नवा फोन जुना देण्याच्या बोलीवर घेतलेला होता, आणि तो न्यायला येणाऱ्या माणसाला फोन पूर्ण कोरा करून द्यायचा होता.

भाचीने शनिवारी दोन गोष्टी लावून दिल्या. चॅटचा बॅकअप मावशीच्या खात्यावर रोज जात होता खरा, पण त्यात व्हिडिओ घेऊ नका असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलं होतं. तिने ते बदललं. फोटोंचा बॅकअप फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा होत होता. चॅटमधून आलेले फोटो, म्हणजे गिऱ्हाइकांनी पाठवलेली गळ्यांची आणि बाह्यांची चित्रं, दुसऱ्या फोल्डरमध्ये होती. तिने तेही चालू केलं. खात्यावर पंधरा जीबी जागा, त्यातली चार वापरलेली, वर चढायचं होतं साधारण नऊ. बसत होतं. फोन चार्जरला आणि वायफायला लावून ती घरी गेली. जाताना म्हणाली, "कॉन्टॅक्ट तेवढे उद्या बघते. ते खात्यावर नाहीयेत, फोनच्या आत सेव्ह झालेत. त्यांची वेगळी फाइल काढावी लागेल."

हे वाक्य काकांनी ऐकलं.

काका तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करून निवृत्त झाले होते. यंत्राला हात लावायला मिळाला नाही की त्यांना दिवस खायला उठे. रविवारी भाची साडेदहाला आली तेव्हा ते दारातच उभे होते, हात पाठीमागे बांधून, परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखे.

"कॉन्टॅक्टचं तू बघू नकोस. ते मी उरकलं."

"कसं?"

"सिमवर. सगळे सिमवर कॉपी केले, सिम नव्या फोनमध्ये टाकलं, काम फत्ते. आम्ही फोन बदलायचो तेव्हा हीच पद्धत होती. फाइल काढा, खातं उघडा, कशाला पाहिजे एवढा उपद्व्याप?"

"सिमवर मावले सगळे?"

"अडीचशेची जागा आहे. दोनशे एकतीस गेले. मोज, मोजपट्टी."

तिने मोजले. नव्या फोनच्या कॉन्टॅक्टच्या यादीत वरच आकडा होता, दोनशे एकतीस. तिने कागदावरच्या आकड्यासमोर बरोबरची खूण केली. पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिने नमुना घेतला. एखादा नंबर चुकीचा उतरला असेल तर तो कळणार कसा? ज्यांचे नंबर आपल्याला पाठ आहेत तेच तपासता येतील. तिला पाच पाठ होते. तिने डायलवर एकेक आकडा दाबला आणि वर उमटणारं नाव पाहिलं. ताई. दादा. वहिनी. आक्का. भाची. पाचपैकी पाच बरोबर. तिने पुन्हा खूण केली आणि फाइल काढायचं काम यादीतून खोडून टाकलं.

"शाबास काका," ती म्हणाली.

"लिफ्ट असो नाहीतर फोन," काका म्हणाले, "माल एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा. एवढंच."

मग चॅट. तिने जुन्या फोनवर शेवटचा बॅकअप घेतला, त्याची वेळ दहा बेचाळीस अशी लिहून ठेवली, आणि नव्या फोनवर चॅटचं अॅप उघडून मावशीचा नंबर घातला. सहा आकडी कोड आला. जुन्या फोनवरचं अॅप त्याच क्षणी बंद पडलं, कारण एक नंबर एका वेळी एकाच फोनवर चालतो. अॅपने विचारलं, कॉन्टॅक्ट बघू का? भाचीने 'आत्ता नको' दाबलं. मागितली म्हणून परवानगी देऊन टाकायची, हे तिच्या स्वभावात नव्हतं. मग अॅपने विचारलं, बॅकअप सापडलाय, परत आणू का? इथे तिने घाई केली नाही. तारीख पाहिली, वेळ पाहिली, दहा बेचाळीसच होती, आणि मग 'परत आणा' दाबलं. ही पायरी चुकून ओलांडली की नंतर अॅप काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि तोवर नव्या फोनने रिकामा बॅकअप वर चढवला तर जुना गेलाच.

आधी मजकूर आला, फोटो आणि व्हिडिओ मागून झिरपत राहिले. चॅट शहाण्णव. नावांच्या जागी नुसते नंबर दिसत होते, पण ते परवानगी न दिल्यामुळे, हे तिला माहीत होतं. फोटो चार हजार आठशे बारा आणि वर तीन. ते तीन काकांनी सकाळी आपल्याच अंगठ्याचे काढले होते. व्हिडिओ एकशे एकोणचाळीस.

तीनला पाच कमी असताना फोन नेणारा आला. सडपातळ, पाठीवर पिशवी, बुटांना चिखल लागलेला म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबलेला. भाचीने आधी जुन्या फोनवरून मावशीचं खातं काढलं. ते राहिलं तर फोन कोरा झाल्यावरही जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो. मग सेटिंगमध्ये जाऊन 'सगळा डेटा मिटवा' उघडलं. फोनने पिन विचारला. तिने मावशीकडे पाहिलं.

"मिटवू?"

"सगळं आलंय ना?"

"मोजलंय."

"मग मिटव बाई एकदाचं."

तिने मिटवलं. चार मिनिटांनी फोन पुन्हा चालू झाला आणि भाषा निवडा म्हणाला. माणसाने तो उलटसुलट करून बघितला, काचेवर नख फिरवलं, सही घेतली आणि गेला.

साडेतीनला नवा फोन वाजला. मावशीच्या हातात कात्री होती. तिने मान वळवून टेबलाच्या कडेला पाहिलं आणि तशीच थांबली.

"हे काय गं?"

भाचीने वाकून बघितलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'ग्रंथा'. पुढे काही नव्हतं.

"ही कोण ग्रंथा?" मावशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. तिने कात्री खाली ठेवली. "ग्रंथपाल बाई. 'ग्रंथालयातल्या बाई' असं लिहिलं होतं मी. माप कुठे गेलं?"

फोन वाजून वाजून थांबला. भाचीने यादी उघडली आणि यावेळी खाली सरकत गेली. पोस्टा. निळ्या. डॉक्टर. शेजारच. बँकेच्, पाय मोडलेल्या च सकट. एकाही नावापुढे एकही आकडा नव्हता. तिने पहिलं नाव मोजलं, ग, त्याचा पाय मोडणारी खूण, र, अनुस्वार, थ, काना. सहा. दुसरं मोजलं, सहा. फोन काना, मात्रा आणि अनुस्वारही एकेक अक्षर धरतो. सिमवर नावाला चौदा खणांची जागा. इंग्रजी अक्षराला एक खण, देवनागरीला दोन, आणि एक खण खुणेसाठी. म्हणजे सहा अक्षरं, बास. उरलेली फोनने काही न बोलता कापून टाकली होती.

ताई, दादा, वहिनी, आक्का, भाची. तिने मनात प्रत्येकाची अक्षरं मोजली. सगळी सहाच्या आत. घरच्यांची मापं मावशी लिहीतच नसे, नजरेनेच शिवी. जी नावं बिघडू शकत नव्हती, नेमकी तीच तिने तपासायला निवडली होती.

"काका," ती म्हणाली, "सिमवर नावं कापली गेली."

काकांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "मग जुन्यात तरी आहेत ना?" आणि पायात चप्पल सरकवत म्हणाले, "कोपऱ्यापर्यंतच गेला असेल. पकडतो त्याला."

"पकडून उपयोग नाही. आतला डेटा कुलूपबंद असतो आणि मिटवताना किल्लीच मोडते. फोन परत आणला तरी आत काही सापडणार नाही."

काका एक चप्पल घालून तसेच खुर्चीत बसले. "तीस वर्षांत एक लिफ्ट पडली नाही माझ्या हातून."

"लिफ्ट नाही पडली," मावशी म्हणाली, "आतल्या बायका अर्ध्या कापून वर पाठवल्यात."

मावशीने टेप गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला.

"यांनी कापली, पण मिटवायचं मी केलं," भाची म्हणाली. "तपासायचं काम माझं होतं. मी नंबर तपासले, नावं तपासलीच नाहीत."

"तुमचं भांडण नंतर करा. आता काय मिळेल ते बोल."

भाचीने विचार केला. बॅकअपमध्ये कॉन्टॅक्ट नव्हते. पण चॅट होते, आणि चॅट पुरे होते. नावात माप असलेला मजकूर मावशीने कधी कुणाला पाठवला असेल का?

"मावशी, कुणाचं माप तू कुणाला पाठवतेस?"

"मास्तरला पाठवते की. कापायला त्याच्याकडे जातं ना सगळं."

मास्तर दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. मावशी माप घेई, मास्तर कापत, मावशी शिवी. बारा वर्षं हा रिवाज होता.

"लिहून पाठवतेस?"

"लिहीत कोण बसतंय! त्या बाईचं नावच पाठवते. नाव नंबर असलेलं कार्ड जातं ना, तसं. त्यात माप आलंच."

भाचीने चॅट उघडले, मास्तरांच्या नंबरावर बोट ठेवलं आणि वर सरकवत नेलं. कार्ड, कार्ड, कार्ड, मध्ये एक 'कापड कमी पडतंय वहिनी', पुन्हा कार्ड. पाठवताना जसं नाव होतं तसंच्या तसं प्रत्येक कार्डात राहिलेलं होतं. यादीतलं नाव पुढे कापलं गेलं तरी पाठवलेल्या कार्डाला धक्का लागत नाही. 'पोस्टातल्या ताई छाती ३८ कंबर ३४ बाही ९'. अख्खं.

"देवासारखा धावून आला मास्तर," काका म्हणाले आणि पायातली चप्पल काढायच्या ऐवजी दुसरीही घातली.

ती कार्डं उघडून तिघं बसले. काका नाव वाचत, भाची नव्या फोनमध्ये ते घाली, यावेळी थेट खात्यावर, आणि मावशी जुन्या झालेल्या मापांवर बोलत राही. "हिची कंबर आता चाळीस कर, बाळंत झाली. हिची राहू दे, तिची काही वाढायची नाही, जळतेच सगळ्यांवर." दोन तास गेले. एकच नाव दोनदा आलं की नंतरचं घ्यायचं, असं ठरलं. शेवटी भाचीने कागदावर लिहिलं, दोनशे पाचपैकी एकशे अठ्ठ्याऐंशी.

उरल्या सतरा. त्यातल्या सोळा मास्तर येण्याआधीच्या, आसपासच राहणाऱ्या. त्या बोलावल्या की येतील, वर चहा पिऊन जातील. सतरावं नाव ग्रंथपाल बाईंचं होतं.

"त्यांचं कार्ड मास्तरला कधीच नाही पाठवलं?"

"नाही. त्यांचं मी स्वतः कापते." मावशीने टेप पुन्हा उचलला आणि बोटाभोवती गुंडाळायला लागली. "दार लावून घ्यायला लावलं होतं त्यांनी. दुसऱ्याच्या हातात कसं देणार?"

"थोडं तरी आठवतंय का?"

"अकरा आकडे! आठवले असते तर लिहिले कशाला असते?"

काका हळूच म्हणाले, "एखादा जुना शर्ट मागून घे. जॅकेटचा अंदाज येतो म्हणावं. त्यावरून काढ माप."

मावशीने थोडा वेळ विचार केला. भाचीला दिसलं की ती खरंच विचार करते आहे. "शर्टवरून जॅकेट निघतं, बरं निघतं," ती म्हणाली. "पण मागताना सांगू काय? माप हरवलं म्हणू शकत नाही. दुसरं काहीतरी सांगावं लागेल. आणि त्या पुस्तकवाल्या बाईंना खोटं पहिल्याच ओळीत कळतं."

"मी सांगते," भाची म्हणाली.

"तू नको. शब्द मी दिला होता."

तिने फोन उचलला, 'ग्रंथा'वर बोट ठेवलं आणि स्पीकर न लावता कानाला लावला. भाचीला फक्त तिच्या बाजूचं ऐकू येत होतं. "बाई, मघाशी तुमचा फोन राहिला. हो, बटणांचं सांगते. पण आधी दुसरं आहे." मग तिने सगळं सांगितलं, सिम, कापलेली नावं, कोरा केलेला फोन, सगळं, एकही शब्द न गाळता. "म्हणजे तुमचं माप माझ्याकडे नाही. कापड परत न्यायचं असलं तर न्या, मला वाईट वाटेल पण राग येणार नाही." ती बराच वेळ ऐकत राहिली. मग "हो" म्हणाली, आणखी एकदा "हो", आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"उद्या सहाला येते म्हणाल्या. एवढंच."

"कापड न्यायला?"

"ते नाही सांगितलं."

सोमवारी भाची कामावरून थेट तिथे आली. ग्रंथपाल बाई सहाला दोन मिनिटं कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, उंच, खांद्यावर कापडी पिशवी, चष्मा दोरीने गळ्यात. काका त्यांना पाहून उठले, "मी जरा भाजी घेऊन येतो," म्हणाले आणि रिकाम्या हाताने, पिशवीसुद्धा न घेता बाहेर पडले.

बाईंनी नवा फोन टेबलावर उताणा पडलेला पाहिला.

"माझं काय उरलंय त्यात?"

भाचीने दाखवलं.

"ग्रंथा," बाई मोठ्याने वाचून म्हणाल्या. "ऑफिसात यापेक्षा वाईट नावं ठेवलीत मला." मग त्या फोनकडेच बघत राहिल्या. "म्हणजे आधी मी फोन केला की इथे माझं माप लागायचं. असं, टेबलावर, वर तोंड करून."

मावशीने फोन पालथा घातला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. भाचीच्याही आलं नव्हतं.

"किती जणींनी वाचलं असेल?"

"खरं सांगू?" मावशी म्हणाली. "चष्म्याशिवाय मलाच वाचता यायचं नाही. पण वाचलं नसेल असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. चुकलंच माझं. तीन वर्षं चुकत होतं."

बाईंनी पिशवी खुर्चीवर ठेवली. घड्याळ पाहिलं. मग टेबलावरचा टेप उचलला, त्याचं टोक पाहिलं, शून्य कडेपासून सुरू होतंय की पुढून ते तपासलं, आणि भाचीला ते आवडलं.

"तुम्ही शब्द दिला होता, टेप लावणार नाही. तो पाळा," त्या म्हणाल्या. "मी लावते. कुठून कुठे ते बाहेरून सांगा. आणि ही तुमची कोण? भाची? तिला लिहू दे. पण नावात नाही."

"नावात नाही," भाची म्हणाली. "आत टीप लिहायची जागा असते. ती फोन वाजताना दिसत नाही. आणि हे खात्यावर जाईल, सिमवर नाही."

"मग नुसतं नाव काय ठेवणार?"

"तुम्ही सांगाल ते."

"ग्रंथाच ठेव."

त्या पडद्याआड गेल्या. मावशी पडद्याकडे पाठ करून उभी राहिली, हात मागे बांधून, समोर मशीनकडे बघत. खोलीत फक्त टेपचा आणि कापडाचा आवाज येत होता.

"आधी खांदा. मानेच्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत. उजवा."

"पाच."

"डावा."

"पावणेपाच."

भाची लिहीत गेली. पाठ, बाही, कंबर, मानेपासून कंबरेपर्यंत. प्रत्येक आकड्यानंतर ती म्हणे, "पुन्हा एकदा मोजाल?" पहिल्यांदा पडद्याआडून नुसता टेपचा आवाज आला. मावशीने मागे न वळता डोळे मोठे केले. दुसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "ही मुलगी वाचनालयात हवी होती," आणि पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे जुळले की भाची खाली रेघ ओढी. कंबरेचे जुळले नाहीत, अर्ध्या इंचाचा फरक आला. तिसऱ्यांदा मोजल्यावर दुसरा आकडा बरोबर निघाला.

"आता छाती," मावशी म्हणाली. तिचा आवाज इतर मापांसारखाच होता. "टेप गोल लावायचा नाही. पुढे मधोमध बटणपट्टी येते ना, तिथून सुरू करायचं आणि काखेखालच्या शिवणीपर्यंत न्यायचं. दोन्ही बाजू वेगळ्या. टेप ओढू नका, नुसता टेकू द्या."

बाहेर काका जिन्याच्या पायरीवर बसून कुणाशी तरी बोलत होते. मावशी हलली नाही. भाचीने पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली.

"उजवी," बाई म्हणाल्या, "सव्वानऊ."

"पुन्हा?"

"सव्वानऊ."

भाचीने लिहिलं.

"डावी. आठ." टेप सरकल्याचा आवाज आला, आणि मग न विचारताच, "आठ."